उणे एकतीस लाखांचा रस्ता

खेड्यातला रस्ता करायचा की नाही, हे बहुतेक वेळा आमच्या आकडेमोडीवर ठरत नाही, आणि ते बरंच आहे. 25 डिसेंबर 2000 रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली तेव्हा निकष सरळ ठेवला होता. मैदानी भागात लोकवस्ती 500, डोंगरी आणि आदिवासी भागात 250, आणि बारमाही रस्ता नसला की ते गाव पात्र. तिथे फायद्या-तोट्याचं गणित कुणी मागितलं नाही. ते गणित मांडणाऱ्या आमच्यासारख्यांना बोलावणं येतं ते पैसा कर्जाऊ घ्यायचा असेल तेव्हा, किंवा दहा रस्त्यांतले चारच आधी करायचे असतील तेव्हा.

सातपुड्यातला एक रस्ता समजा. धडगावच्या बाजूला असतो तसा, दोन-तीन पाडे मुख्य रस्त्याला जोडणारा, लोकवस्ती 900. आकडे माझे आहेत, पण अशा रस्त्यांच्या कागदांवर साधारण याच मापाचे आकडे दिसतात. अंदाजपत्रक साडेतीन कोटींच्या वरचं. त्यातला जीएसटी आणि गौण खनिजाचं स्वामित्वधन आम्ही आधी वजा करतो, कारण ते सरकारच्या या खिशातून त्या खिशात जातं, देशाचं त्यात काही खर्ची पडत नाही. उरले तीन कोटी.

आता फायदा. आज पाड्यावरून बाजाराला जायचं म्हणजे जीपचं भाडं आणि वाया जाणारा वेळ मिळून माणशी एका फेरीला 100 रुपये पडतात. रस्ता झाल्यावर 60 पडतील. रोज 150 फेऱ्या होतात, म्हणजे दिवसाला 6000 रुपये, वर्षाला सुमारे 22 लाख वाचले. रस्ता झाला की लोक जास्त फिरू लागतात. समजा रोज 100 फेऱ्या वाढल्या. या नव्या फेऱ्यांना मात्र पूर्ण 40 रुपये लावायचे नाहीत. भाडं पाच रुपयांनी उतरताच जो निघाला, त्याला जवळजवळ सगळा फायदा मिळाला. पूर्ण चाळीस उतरल्यावरच जो निघाला, त्याला जेमतेम. म्हणून सरासरीने निम्मे, म्हणजे 20 रुपये धरतात. हे झाले सात-सव्वासात लाख. मालवाहतुकीतले आणखी पावणेनऊ लाख मिळवले आणि देखभालीचे दोन लाख वजा केले की वर्षाकाठी निव्वळ 36 लाख हाती राहतात.

गंमत या शंभरातल्या वेळेच्या रकमेत आहे. तासाची किंमत आम्ही मजुरीवरून काढतो. पण वाहतूक मोजायचा तक्ता बघा, त्यात रकाने जीपचे, ट्रॅक्टरचे, मोटरसायकलचे. डोक्यावर मोळी घेऊन चालत गेलेली बाई त्यात बसत नाही. एका पाहणीत आशाताईंच्या मदतीने मी एका बाईंना विचारलं होतं, वाटेतला एक तास वाचला तर काय कराल? त्या म्हणाल्या, “पाण्याची एक खेप जास्त होईल.” मजुरी मिळत नाही म्हणून त्या खेपेची किंमत शून्य धरणारे अहवाल मी वाचले आहेत. निदान तासाचा दर तरी बाईला आणि पुरुषाला एकच लावावा, यावर मी अडून बसतो.

उलट्या बाजूची लबाडीही असते. रस्त्याकडेच्या जमिनीचा भाव वाढला की तो वेगळा फायदा म्हणून मांडायचा मोह होतो. पण भाव वाढतो तो वाचलेल्या भाड्यामुळे आणि वेळेमुळेच. तेच पैसे दोनदा मोजले जातात. शेतीचं उत्पन्न अमुक टक्क्यांनी वाढेल, ही ओळही हात राखून लिहावी. सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोवोसाद यांनी याच ग्रामसडक योजनेचे परिणाम तपासले. 2020 साली छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे शेतीत किंवा घरच्या मालमत्तेत फारसा फरक पडला नव्हता. ठळक बदल म्हणजे माणसं शेतीबाहेरच्या मजुरीकडे वळली होती.

आता तीन कोटी आज जातात आणि 36 लाख वर्षावर्षाने येतात, वीस वर्षं. पुढचे रुपये आजच्या भावाला आणण्यासाठी वटावाचा दर लागतो. आपल्याकडे अनेक वर्षं 12 टक्के चालत आला. त्या दराने विसाव्या वर्षाचे 100 रुपये आजचे जेमतेम दहा होतात, आणि आपले वीस वर्षांचे 36-36 लाख मिळून होतात 2 कोटी 69 लाख. म्हणजे रस्ता 31 लाखांनी नापास. आशियाई विकास बँकेने 2017 मध्ये हा दर 9 टक्क्यांवर आणला; त्या दराने हाच रस्ता 28-29 लाखांनी पास होतो. ग्रामीण रस्त्यांसारख्या गरिबांसाठीच्या कामांना तर त्यांनी 6 टक्के चालतील म्हटलं आहे, तिथे ही बेरीज चार कोटींच्या वर जाते. डोंगर तोच, खडी तीच. म्हणून निकाल लावण्याआधी मी दर काय घेतला ते विचारतो आणि रस्ता नेमका कुठल्या दराला तोंडमिळवणी करतो ते काढतो. इथे तो सव्वादहा टक्क्यांच्या आसपास येतो.

पण 12 टक्केच धरा म्हणणारा साहेब समोर असला, तरी हातात एक युक्ती असते. पावसाळ्यात ओढा भरला की आजारी माणसाला किंवा बाळंतपण अडलेल्या बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून न्यावं लागतं. रस्ता झाल्यावर ती पाळी येणार नाही, याची किंमत किती? जिवाला रुपये लावायची सूत्रं आहेत, पण ती माणसाची कमाई धरून चालतात, आणि गरिबाचा जीव स्वस्त ठरवतात. मी ती वापरत नाही. प्रश्न उलटा करतो. 31 लाखांची तूट भरून निघायला दरसाल किती रुपयांचा न मोजलेला फायदा हवा? उत्तर येतं सुमारे 4 लाख 16 हजार. 900 माणसांत वाटले तर माणशी वर्षाला साधारण 460 रुपये. पावसाळ्यात दवाखाना, मास्तर आणि रेशन पोचणं एवढ्या मोलाचं आहे की नाही, हे टेबलाच्या पलीकडच्यांनी सांगायचं. माझ्या तक्त्याने ते लपवू नये, एवढंच माझ्या हाती.

दरावरून इतकं भांडण होतं, पण मला त्याहून जास्त धास्ती त्या देखभालीच्या दोन लाखांची वाटते. पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात असते. सहाव्या वर्षी काय? घाटात डोंगराकडचं गटार मातीने भरतं, पाणी रस्त्यावरून आडवं वाहू लागतं, दरीकडची साईडपट्टी खचते आणि डांबराच्या कडेला रस्त्याला समांतर चीर पडते. ती चीर दिसली की समजावं, दोन-तीन पावसाळ्यांत जीपवाला भाडं पुन्हा वाढवणार. फायदा आठच वर्षं टिकला आणि देखभालीवर एक पैसाही घातला नाही असं धरून गणित करा. सगळ्यात उदार 6 टक्क्यांच्या दरानेसुद्धा हाती 2 कोटी 36 लाखच येतात, तीन कोटींपासून फार दूर. बारा टक्क्यांचा कडक दर लावूनही वीस वर्षं टिकलेला रस्ता याच्यापेक्षा सरस ठरतो.

म्हणून अलीकडे अहवालाला मी आठ वर्षांचा हा दुसरा तक्ता जोडतो आणि त्याखाली विचारतो, सहाव्या वर्षापासूनचे दोन लाख कुठल्या लेखाशीर्षातून येणार. ती ओळ बहुधा कोरीच परत येते. मग मी पहिल्या तक्त्यावर “देखभालीची तरतूद गृहीत” असं लिहून दोन्ही पुढे पाठवतो.