नायकाच्या जागी कोण?

अँटिहीरो, खलनायक आणि करडं पात्र यांत सर्वांत जास्त गल्लत होते ती अण्णा नाईकांपाशी. आमच्या आकेरीत चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेचं 2016 मधलं पहिलं पर्व अण्णांच्या मृत्यूने सुरू झालं. 2019 च्या दुसऱ्या पर्वात कथा मागे गेली, अण्णा जिवंत झाले आणि सगळी गोष्ट त्यांच्याच पावलांनी चालू लागली. माधव अभ्यंकरांनी ते असे उभे केले, की नाट्यलेखन शिकणारी मुलं अण्णांना बेधडक अँटिहीरो म्हणतात. मला हे पटत नाही. अण्णा जमिनी लाटतात, आड येईल त्याचा काटा काढतात, तेही निव्वळ हव्यासापोटी. त्यांच्यावरून नजर हटत नाही, तरी त्यांचा बेत फसावा असंच मनात येतं. नायकाच्या जागी बसलेला हा खलनायक आहे.

मग अँटिहीरो कसा असतो? मुलांना मी मालवणच्या समुद्रावरची एक गोष्ट रचून दाखवतो. एलईडी दिवे लावून मासे पकडायला केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, तरी एक ट्रॉलर रात्री चोरून दिवे पेटवतो आणि किनाऱ्यावरच्या रापणीला मासा उरत नाही. रापणकर बाबल दारू पितो, सख्ख्या मेहुण्याचे पैसे बुडवतो. एका रात्री तो बंदरात उभ्या ट्रॉलरवर रॉकेल ओततो. काडी ओढणार तोच फळीवर झोपलेला खलाशी दिसतो. बाबल दबक्या आवाजात ओरडतो, “ऊठ रे मेल्या, उडी मार!” आणि मग काडी टाकतो. नायकाचे गुण याच्यात नाहीत, मार्गही वाईट आहे, पण तो पकडला जाऊ नये म्हणून आपण श्वास रोखून धरतो. ती हाक गाळून पाहा. प्रेक्षक तिथेच त्याची साथ सोडतो.

हीच गोष्ट ट्रॉलरमालकाच्या बाजूने लिहिली, तो कुणाला हप्ता देतो, कर्जात बुडालेल्यांच्या होड्या कशा घशात घालतो हे पायरीपायरीने दाखवलं, तर आपण अण्णांच्या वाटेवर येतो.

आणि तो खलाशी? तो याच गावचा. पगारासाठी रात्री दिवे पेटवतो, सकाळी त्याचाच बाप रिकामी रापण ओढतो. हे करड्या छटेचं पात्र. तो गोष्टीचा नायक असायलाच हवा असं नाही, दोन प्रवेशांपुरताही चालतो, कारण करडेपणा हा स्वभावाचा भाग आहे, कथेतली जागा नव्हे. बाबलही करडा आहेच. मात्र खलाशाचं चुकलं की नाही, यावर प्रेक्षकांत दोन तट पडले पाहिजेत. त्यासाठी त्याच्या हातात दुसरी वाट खरोखर असावी लागते: बाप त्याला रापणीवर बोलावतो आणि तो नाही म्हणतो. नुसतीच लाचारी दाखवली, की उरतो तो बिचारा, आणि मुलांच्या निम्म्या संहिता इथेच सपाट होतात.