आपणास व आपल्या परिवारास

तार होती तेव्हा दिवाळीच्या शुभेच्छांना नंबर होता. तारखात्याकडे ठरलेल्या वाक्यांची एक यादी असायची. दिवाळीच्या शुभेच्छांचा नंबर १, नवदांपत्याला आशीर्वाद द्यायचा तर १६. तारेत शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून वाक्याऐवजी नुसता आकडा जायचा आणि पलीकडच्या तारघरात त्याचं पुन्हा वाक्य होऊन ते घरी पोचायचं. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. म्हणजे सगळ्यांना एकच वाक्य पाठवायची सवय आपल्याला काही व्हॉट्सअ‍ॅपने लावलेली नाही. पण तार हातात पडली की निदान एवढं कळायचं, की आपल्यासाठी कुणीतरी तारघरापर्यंत चालत गेलं होतं.

फॉरवर्डवर दिसतो तो बाण. हे ‘फॉरवर्डेड’चं लेबल २०१८ मध्ये आलं, आणि त्याच वर्षी भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादाही आली. मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आला असेल तर दुहेरी बाण दिसतो, आणि २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे ढकलता येतो. बरेच जण म्हणून कॉपी करून पेस्ट करतात. बाण जातो खरा, पण बाकीच्या खुणा राहतात. ठळक अक्षरांसाठी कुणीतरी घातलेल्या चांदण्या, तीन ओळी भरून पणत्या, आणि तळाशी विसरलेला ‘शुभेच्छुक : अमुक परिवार’. आमच्या नेरूळच्या चौकातल्या बॅनरवर असतो तोच शुभेच्छुक.

मागच्या दिवाळीत धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मला आलेला फॉरवर्ड असा होता :

*दिव्यांच्या लखलखाटाने आपले अंगण उजळो, रांगोळीच्या रंगांनी आपले जीवन रंगो, फराळाच्या गोडीने आपली नाती बहरो. आपणास व आपल्या परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!*

वाईट नाही. फॅमिली ग्रुपवर तो तसाच टाकला असता तर कुणाला खटकलं नसतं. पण मला आत्याला लिहायचं होतं. ती कोपरखैरण्याला राहते, आणि काका श्रावणात गेले होते.

मी तो फॉरवर्ड आत्याच्या जागी बसून वाचला. अंगण : ती तिसऱ्या मजल्यावर राहते, अंगण नाही, हे किरकोळ. रांगोळी : यंदा तिच्या दारात पडणार नव्हती. फराळ : वर्षाच्या आत घरात कढई चढवायची नाही, फराळ नातेवाइकांनी आणून द्यायचा, ही आमच्याकडची रीत. म्हणजे मेसेजमधली प्रत्येक गोड गोष्ट नेमकी तिच्या घरात नसलेली. आणि ‘आपल्या परिवारास’? त्या परिवारातलं एक माणूस कमी झालेलं. राहता राहिलं ‘आपणास’. आत्याला मी जन्मापासून ‘तू’ म्हणतो. जुन्या पत्रांचे मायनेही साच्यातलेच होते, पण ‘तीर्थरूप’ म्हटलं की लिहिणारा लहान आणि वाचणारा मोठा एवढं तरी ठरायचं. ‘आपणास’ म्हणजे वीजबिलावर असतं ते.

चाळून झाल्यावर एक दिवा तेवढा उरला. तो ती लावणार होती.

बरेच जण फॉरवर्डच्या डोक्यावर नाव चिकटवतात, ‘प्रिय आत्या’, आणि खालचं तसंच ठेवतात. त्याने उलट जास्त लागतं, कारण आता तेच चुकीचं वाक्य नाव घेऊन म्हटलेलं असतं. नावाआधी खोटी पडणारी वाक्यं काढायला हवीत, आणि मग असं एक वाक्य घालायला हवं जे दुसऱ्या कुणाला पाठवलं तर त्याला कळणारच नाही. मी ते शोधायला लागलो. पहिल्यांदा लिहिलं, ‘काका असते तर आज कंदील बांधत बसले असते.’ खरं होतं. ते दरवर्षी कामट्या सोलून, घोटीव कागद खळीने चिकटवून घरीच कंदील करायचे. पण या वाक्यावर आत्याने काय करायचं? वाचून रडायचं आणि ‘हो रे’ लिहायचं. काकांचं नाव टाळणंही मला पटत नव्हतं. त्या महिन्यांत सगळेच ते टाळत होते, आणि आत्या आपणहून त्यांच्याबद्दल बोलायला लागली की विषय बदलत होते. मग काका मेसेजमध्ये असावेत, पण ‘असते तर’ मध्ये नकोत, त्यांनी केलेल्या एखाद्या गोष्टीत असावेत, असं मी ठरवलं.

दुसरा प्रश्न दिवसाचा. लक्ष्मीपूजनाला फोन दिवसभर वाजत असतो, त्यात आपला मेसेज बुडतो. पाडव्याला तर बायको नवऱ्याला ओवाळते. त्या सकाळी ‘पाडव्याच्या मंगलमय शुभेच्छा’ असे फॉरवर्ड तिच्या फोनवर येणारच होते, आणि पाठवणाऱ्यांच्या ते लक्षातही येणार नव्हतं. भाऊबीजेला बाबा तिच्याकडे जाणार होतेच. रिकामा आणि जड दिवस पाडव्याचा होता. म्हणून मेसेज आधीच, धनत्रयोदशीला दुपारी पाठवला, ती जेवून आडवी होते त्या वेळी :

‘आत्या, यंदा तुझ्याकडे काही करायचं नाही, माहीत आहे. पाडव्याला सकाळी दहापर्यंत आई आणि मी डबा घेऊन येतो. चकल्या आईच्या आहेत, कडक झाल्यात, चहात बुडवून खा. काकांनी शिकवला होता तसा कंदील मी यंदा बांधून आमच्या गॅलरीत लावलाय, एक कोपरा वाकडा आलाय. फोटो दाखवतो. येताना औषधं आणायची असतील तर चिठ्ठीचा फोटो पाठव.’

यात ‘शुभ’ किंवा ‘हार्दिक’ कुठे नाही, आणि दिवाळी हा शब्दही नाही. मी तो मुद्दाम टाळला असं नाही. लिहून झाल्यावर बघितलं तर त्याला जागा नव्हती. शेवटचं औषधांचं वाक्य मात्र विचार करून ठेवलं. शोकातल्या माणसाला ‘काही लागलं तर सांग’ म्हटलं की काय लागतंय ते शोधायचं काम आपण त्याच्यावरच टाकतो. एकच ठरावीक गोष्ट विचारली तर उत्तर हो किंवा नाही एवढंच द्यावं लागतं.

तिचं उत्तर संध्याकाळी आलं. आधी औषधाच्या चिठ्ठीचा हललेला फोटो. मग : ‘कामट्या भिजवल्या नसशील. ते आदल्या रात्री भिजवायचे.’

ऑफिसातल्या माणसाला लिहिताना हेच सगळं फार आखडतं घ्यावं लागतं. महापेला आमच्या टीममध्ये एक सीनियर मॅडम आहेत. अमेरिकेतल्या क्लायंटला दिवाळीची सुट्टी नसते, तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची शिफ्ट कुणीतरी घ्यावीच लागते. ती त्यांनी घेतली होती. त्यांच्या घरी कोण कोण आहे हे मला माहीत आहे, तरी त्याचा उल्लेख करणं मला आगाऊपणाचं वाटलं. ओळख जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच मेसेज जावा, आणि आमची ओळख शिफ्टच्या तक्त्यापर्यंत होती. तोच सकाळचा फॉरवर्ड घेतला, शेवटची ‘दीपावलीच्या शुभेच्छा’ तेवढी ठेवली, आणि वर एक ओळ घातली : ‘मॅडम, काल रात्रीची शिफ्ट तुम्ही घेतलीत म्हणून मी घरी पूजेला बसू शकलो. नाताळच्या आठवड्यातली तुमची एक रात्र माझ्या नावावर टाका.’

त्यांनी अंगठा पाठवला. डिसेंबरचा तक्ता आला तेव्हा २४ तारखेसमोर माझं नाव होतं.