वाचता येतं, पण कळतं का?



आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी साठीच्या पुढच्या. तळवड्यातच राहतात, मुलगा कंपनीत जातो. गेल्या वर्षी नातीजवळ बसून त्या अक्षरं शिकल्या. आता दुकानाची पाटी, बसचा फलक, जे दिसेल ते वाचतात. त्यांच्यासाठी चिठ्ठ्या लिहिता लिहिता सोपं मराठी म्हणजे काय, ते मला हळूहळू उमगत गेलं.

त्यांच्या चाळीत एक सूचना लागली होती: ‘जलकुंभ स्वच्छतेच्या कारणास्तव गुरुवार रोजी सकाळी ९ ते दुपारी १ या कालावधीत पाणीपुरवठा खंडित राहील. रहिवाशांनी आवश्यक पाणीसाठा करून सहकार्य करावे.’

मावशींनी ती बोट ठेवून पूर्ण वाचली. मग मला विचारलं, “ताई, कुंभ म्हणजे मेळा ना? आणि खंडित म्हणजे?” पाणीपुरवठा हा शब्द मात्र त्यांना कळला, म्हणून गुरुवारी पाणी येणार असं त्या समजल्या. त्या दिवशी घरात एक हंडासुद्धा भरलेला नव्हता.

ही सूचना मी नंतर नीट पाहिली. तिच्यात सहा जोडाक्षरं आहेत. त्यातली तीन तर एकट्या ‘स्वच्छतेच्या’ या शब्दात. नवीन वाचणारी बाई एकेक अक्षर जुळवत जाते. जोडाक्षर आलं की थांबते, मागे येते, आणि तोवर वाक्याची सुरुवात विसरते. पण गंमत अशी की ‘खंडित’मध्ये जोडाक्षर नाही, शब्दही छोटाच. तो वाचता आला, कळला मात्र नाही. याउलट आमच्या सासूबाईंची नजरही अधू आणि वाचनही बेताचं, तरी ‘जिनेंद्र’ त्या एका दमात वाचतात, कारण तो शब्द रोज तोंडात असतो. म्हणजे शब्द छोटा असण्याआधी ओळखीचा हवा.

मी ती सूचना अशी लिहून दिली:

गुरुवारी टाकी धुणार.
सकाळी ९ ते दुपारी १ नळाला पाणी येणार नाही.
बुधवारीच पाणी भरून ठेवा.

यात एकही जोडाक्षर नाही. एका ओळीत एकच गोष्ट आहे. ‘बुधवारी रात्री’ लिहिणार होते, पण ‘त्र’ वर त्या अडतात, म्हणून ‘बुधवारीच’ केलं. वेळ आकड्यातच ठेवली. आकडे त्यांना पैशांमुळे आधीपासून येतात.

पाण्याचं एक वेळ निभावतं, औषधाचं नाही. ‘जेवणापूर्वी’ आणि ‘जेवणानंतर’ हे शब्द बघा. दोन्हींची सुरुवात एकच. नवीन वाचणारी ‘जेवणा’पर्यंत येते आणि पुढचं अंदाजाने म्हणते. त्यात ‘र्वी’चा रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण म्हणायचा असतो वी च्या आधी. म्हणून मी पाकिटावर लिहिते, ‘आधी गोळी. मग जेवण.’ किंवा ‘आधी जेवण. मग गोळी.’ क्रम जसा करायचा तसाच लिहायचा.

‘रिकाम्या पोटी घेऊ नये’ हेही धोक्याचं. मराठीत नकार शेवटी येतो. दमलेलं माणूस ‘घेऊ’पर्यंत वाचून थांबलं तर अर्थ उलटा होतो. तिथेही ‘आधी जेवण. मग गोळी.’ हेच पुरतं.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी साडी नेसून तिथे जातात. सरकारचा प्रौढांसाठी ‘उल्लास’ कार्यक्रमही आहे. त्याच्या नावातच जोडाक्षर! अशी वाचणारी माणसं घराघरांत वाढताहेत, पण पाट्या आणि चिठ्ठ्या लिहिणारे आपण जुन्याच वळणाने लिहितो.

प्रत्येक जोडाक्षर काढायला जाऊ नका. ‘डॉक्टर’ला ‘वैद’ लिहिलं तर उलट गोंधळ होईल. ‘डॉक्टर’ तर त्या रोज ऐकतात, नुसत्या आकारावरून ओळखतात. ‘आधार कार्ड’ही तसंच. गोळी किती, तारीख कुठली, हे मात्र सोपं करण्याच्या नादात गाळायचं नाही. आणि लहान मुलांशी बोलावं तसंही लिहू नका. मावशींनी दोन लेकींची लग्नं लावली आहेत, त्यांना फक्त अक्षरं नवीन आहेत.

लिहून झालं की त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. जिथे त्या थांबतील तिथे खूण करा, तो शब्द बदला. आणि “कळलं का?” असं विचारू नका, त्याला सगळ्याच हो म्हणतात. “मग आता काय करणार?” असं विचारा. नव्या सूचनेवर मावशी म्हणाल्या, “बुधवारी दोन हंडे जास्तीचे भरीन.” हे उत्तर आलं तेव्हा मी तो कागद चाळीच्या भिंतीवर लावायला दिला.