खडक, मगर आणि मुलांची आरोळी

आपल्या वसतिगृहातील मुलांनी बसविलेला हातमोज्याच्या बाहुल्यांचा वानराचा खेळ अनेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. वीस मिनिटांच्या या खेळाची मराठी संहिता आम्हांस इंग्रजीत करावी लागली, ती अँटॉप हिल येथील प्रयोगाच्या निमित्ताने. तेथील केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत देशाच्या नाना भागांतून आलेली कुटुंबे राहतात. मराठी, तमिळ, हिंदी बोलणारी मुले एकाच सतरंजीवर बसणार होती आणि सर्वांना थोडीफार समजणारी शाळेची भाषा इंग्रजी होती. पुढील तुकड्यांतील मुलेही हा खेळ करतील, म्हणून त्या भाषांतरात काय राखले, काय बदलले आणि कशासाठी, ते येथे नोंदवीत आहोत.

खेळाची कथा वानरिंद जातकातील, म्हणजे ५४७ जातकांपैकी सत्तावन्नाव्या जातकातील आहे. नदीच्या मधोमध एक खडक आहे. वानर रोज त्यावर उडी घेऊन पलीकडच्या बेटावरील फळे खाण्यास जातो व सायंकाळी त्याच मार्गाने परततो. एका मगरीला वानराच्या काळजाचे डोहाळे लागतात आणि तिचा नवरा खडकावर दबा धरून पडून राहतो. परतताना वानराला खडक उंच दिसतो. पाणी वाढलेले नाही, ओसरलेलेही नाही, मग खडक कसा वाढला? तो खडकाला तीनदा हाक मारतो. उत्तर येत नाही. ‘मित्रा, आज उत्तर का देत नाहीस?’ असे तो विचारतो, तेव्हा खडक रोज उत्तर देत असावा असे समजून मगर बोलते आणि पकडली जाते.

या जातकाचे रॉबर्ट चाल्मर्स यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८९५ साली प्रसिद्ध झाले. ते अभ्यासकाने वाचण्याचे आहे. आम्हांस मात्र दोनशे मुलांनी एका दमात ओरडावी अशी वाक्ये हवी होती.

मराठी खेळात मगर प्रथम वानराच्या पाठीमागे डोके वर काढते, तेव्हा मुले ‘मागे बघ!’ अशी आरोळी ठोकतात. शब्दशः भाषांतर ‘लुक बिहाइंड यू’ असे होते. आम्ही त्यातील पहिला शब्द गाळून नुसते ‘बिहाइंड यू!’ ठेवले. ‘मागे बघ’ तीन ठोक्यांत संपते, ‘बिहाइंड यू’ही तीनच ठोक्यांत, शिवाय शेवटचा ‘यू’ हवा तितका लांबविता येतो. चार ठोक्यांचे वाक्य तालमीत म्हणवून घेतले, तेव्हा पुढची रांग संपवून मोकळी होई आणि मागची रांग अर्ध्यातच राही. आरोळी फुटली की ती लांब आहे असे समजावे.

ही आरोळी खेळात तीनदा येते आणि तिन्ही वेळा अक्षरशः तीच राहते. शाळेतील इंग्रजी निबंधात तोच शब्द पुन्हा वापरू नये असे आपण शिकवितो, म्हणून भाषांतर करणारी मोठी मुले दुसऱ्या वेळी ‘टर्न अराउंड’, तिसऱ्या वेळी ‘वॉच आउट’ असे लिहून आणीत. वाचताना ते बरे वाटते. पण प्रेक्षकातील मूल पहिल्या वेळी ऐकते, दुसऱ्या वेळी अडखळत साथ देते आणि तिसऱ्या वेळी स्वतःहून ओरडते. शब्द बदलला की ते पुन्हा पहिल्या पायरीवर येते. त्रिसरण आपण तीनदा म्हणतो, तेथे शब्द बदलून म्हणण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही, हे सांगितल्यावर मुलांना मुद्दा पटला.

आता विनोदाकडे वळू. मराठीत वानर तिसऱ्यांदा विचारतो आणि मगर लांबलचक ‘ओ!’ देते. हाकेला ओ देण्याची सवय प्रत्येक मराठी मुलाला घरात लागते, म्हणून मगरीने ओ देताच हशा उसळतो. इंग्रजीत तसा शब्द नाही. नुसते ‘येस’ म्हटले तर कोणी हसत नाही, कारण त्यात सवयीने तोंडून निसटल्याचा भाव येत नाही. शाळकरी मुलाच्या तोंडून सवयीने निसटणारे इंग्रजी उत्तर कोणते? हजेरीचे. म्हणून आमचा वानर हजेरीच्या सुरात ‘मिस्टर रॉक?’ असे पुकारतो आणि तिसऱ्या पुकाऱ्यानंतर मगर ‘प्रेझेंट, टीचर!’ म्हणते. ‘ओ’साठी बाहुलीचा जबडा एकदाच उघडावा लागे, येथे चारदा उघडावा लागतो. बाहुली चालविणाऱ्या मुलाला तेवढा अंगठ्याचा सराव अधिक करावा लागला.

दुसरा विनोद ‘मगर’ या शब्दावरचा. मुंबईच्या मुलांना हिंदीतील ‘मगर’ म्हणजे ‘पण’, हे ठाऊक असते. ‘मी खडकच आहे, मगर...’ असे बोलून मगर स्वतःचे नाव सांगून बसते. हा श्लेष इंग्रजीत नेणे अशक्य. पण इंग्रजीने आपल्या पदरचे एक दान दिले. ‘रॉक’ आणि ‘क्रॉक’ यांत एकाच वर्णाचे अंतर आहे. आमची मगर म्हणते, ‘आय ॲम द क्रॉ... द रॉक!’ आणि मुले ‘नॉट अ रॉक, अ क्रॉक!’ असा गिल्ला करतात. अट एवढीच की, ‘क्रॉक’ हे क्रोकोडाइलचे लाडके रूप मुलांना अगोदर माहीत हवे. म्हणून पहिल्या प्रवेशात मगर आपले नाव सांगते आणि मुलांकडून दोनदा म्हणवून घेते. हास्य शेवटच्या प्रवेशात पिकते, त्याची पेरणी येथे होते.

हा गिल्ला कोठे ठेवावा, यावर बराच खल झाला. वानर येताच मुले ओरडली तर कथेचा गाभाच जातो, कारण मग वानर विचार करीत नाही, केवळ ऐकतो. म्हणून तो प्रथम पाण्याकडे बघतो, मग खडकाकडे, आणि सावकाश म्हणतो, ‘सेम वॉटर. बिगर रॉक. व्हाय?’ या तीन वाक्यांच्या वेळी मगरीची बाहुली मुळीच हलत नाही. ती हलली की मुले ओरडलीच. पारखून मग मानावे, हा धम्माचा पाठ येथे वानराच्या वाट्याचा आहे. प्रेक्षकांनी तो त्याच्याकडून काढून घेऊ नये.

एक विनोद आम्ही निश्चयाने नाकारला. मगरीने मोडके इंग्रजी बोलावे, म्हणजे हशा हमखास, अशी सूचना आली होती. खेळ करणारी आपली मुले मराठवाडा-विदर्भाच्या खेड्यांतून आलेली, घराण्यात प्रथमच इंग्रजी शिकणारी. मोडक्या इंग्रजीला हसणारे सभागृह उद्या त्यांच्याच मुलाखतीला हसेल. आपल्या वाडवडिलांच्या बोलीला हसणारे पुष्कळ होते. त्यात आपल्या हाताने भर कशाला? मगरीला हसायचे ते तिच्या हावेसाठी आणि फजितीसाठी. वानर तिला तोंड उघडायला सांगतो, तोंड उघडताच तिचे डोळे मिटतात आणि वानर तिच्याच डोक्यावर पाय देऊन पैलतीर गाठतो. या विनोदाला भाषाच लागत नाही.

प्रयोगात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. परकी भाषा ऐकणाऱ्या मुलाचे हसू क्षणभर उशिरा येते. मराठी प्रयोगाच्या गतीने पुढचे वाक्य टाकले तर ते हशात बुडते. म्हणून इंग्रजी संहितेत प्रत्येक विनोदानंतर ‘थांबा’ असे लिहिले आहे, आणि ते मराठीतच लिहिले आहे, कारण ती सूचना पडद्यामागच्या आपल्या मुलांसाठी आहे.

एक शब्द मात्र आम्ही भाषांतरित केला नाही. पडदा उघडताच वानर हात जोडून ‘जय भीम’ म्हणतो. तेथे ‘हॅलो चिल्ड्रन’ सहज चालले असते. पण ती खेळातील पहिली हाक आहे आणि तिचे उत्तर त्याच दोन शब्दांत येते. अँटॉप हिलच्या मुलांनी ते कोणी न शिकविता दिले.