पाटीवर "चव्हाण साहेब" लिहिलंय, पण कोणते?

गेल्या महिन्यात आपल्या भागातल्या दोन-तीन ग्रुपवर एका मेणाच्या पुतळ्याचा फोटो फिरला. "आमच्या नेत्याचं असं विद्रूप करणाऱ्यांवर गुन्हा दाखल करा" असं त्याखाली लिहिलेलं. निवेदन द्यायची तारीखसुद्धा ठरली होती. तो पुतळा मी लातुरातल्या एका प्रदर्शनात प्रत्यक्ष बघितलेला आहे, म्हणून लिहितोय. प्रदर्शन कुणाचं, हे इथं महत्त्वाचं नाही.

पुतळा असा: पांढरी टोपी, बंद गळ्याचा कोट, जाड काड्यांचा चष्मा. खाली पाटी, "मा. चव्हाण साहेब, माजी मुख्यमंत्री". बास, एवढंच.

मी तिथं असताना एक म्हातारे गृहस्थ नातवाला सांगत होते, "हे यशवंतराव बरं का." शेजारच्या बाई म्हणाल्या, "आवो काका, हे तर आपले नांदेडचे शंकरराव की!" तिसऱ्याला त्यात वसंतदादा दिसले. तिघंही चेहऱ्याकडं बघून बोलत होते, आणि तिघांनाही आपापल्या जागी खात्री होती.

आता पाटी धरून चालू. महाराष्ट्राला चव्हाण आडनावाचे चार मुख्यमंत्री झाले. यशवंतराव, शंकरराव, अशोकराव आणि पृथ्वीराज. त्यातले दोन कराडचे, दोन नांदेडचे. नांदेडात "साहेब" म्हटलं की बाप आणि लेक दोघंही येतात. म्हणजे पाटीनं वसंतदादा बाद झाले, पण चौघं उरलेच.

उत्तर पुतळ्याच्या पाठीमागं होतं. पडद्यावर धरणाची भिंत आणि दरवाज्यांची रांग रंगवलेली, खाली कोपऱ्यात "जायकवाडी" अशी अक्षरं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हातून झाली, १९७६ साली इंदिराजींनी उद्घाटन केलं. उद्घाटनाच्या वेळी मुख्यमंत्री होते शंकरराव, आणि पाटबंधारे हा तर त्यांचा आयुष्यभराचा विषय. विष्णुपुरीच्या जलाशयाला शंकरसागर हे नाव उगाच नाही दिलं. आता नुसतं धरण बघितलं तर कुणी म्हणेल, पायाभरणीच्या वेळी मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, मग हा पुतळा नाईकांचा का नाही? बरोबर आहे. पण पाटीवर चव्हाण आहे. पाटीनं नाईक गेले, धरणानं बाकीचे तिघं चव्हाण गेले. दोन्ही एकत्र वाचल्यावर एकच माणूस उरतो.

आणि गंमत बघा. तेच डोकं, तोच कोट, तीच पाटी राहू द्या. फक्त मागचं धरण काढून तिथं १ मे १९६० चा मंगल कलश ठेवा. त्याच क्षणी तो पुतळा यशवंतरावांचा झाला. चेहऱ्यात केसाचाही फरक पडलेला नाही.

"मग चेहऱ्याला काहीच अर्थ नाही का?" असं कुणी विचारेल. अर्थ आहे, पण मेणाच्या पुतळ्यात चेहरा हा सगळ्यात कच्चा पुरावा. का ते सांगतो.

आधी मातीत डोकं घडवतात, त्यावरून साचा काढतात, साच्यात वितळलेलं मेण ओततात. मेण थंड होताना आकसतं, म्हणून मादाम तुसाँकडं पुतळा खऱ्या माणसापेक्षा साधारण दोन टक्के मोठा धरतात. मग काचेचे डोळे बसवायचे, एकेक केस गरम सुईनं रोवायचा, रंगाचे थर चढवायचे. मोठ्या संग्रहालयात माणूस समोर बसवून शेकड्यानं मापं घेतात. आपल्याकडं फिरणाऱ्या प्रदर्शनात हातात दोन-चार जुने फोटो असतात, तेही वेगवेगळ्या वयाचे. समजा मापांसाठी मुलालाच समोर बसवलं आणि पुतळा वडिलांचा केला, तर नाक-डोळे मुलाचे येतील. तरी पुतळा वडिलांचाच. कुणाला बघून केला आणि कुणाचा म्हणून केला, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

शिवाय एका साच्यातून डोकी कितीही निघतात. टोपी, चष्मा, मिशी बदलली की माणूस बदलला. हा धंदा जुना आहे. चार्ल्स डिकन्सच्या 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' या कादंबरीत फिरतं मेणप्रदर्शन चालवणाऱ्या मिसेस जार्ली आहेत. शाळेच्या पोरी बघायला येणार म्हटल्यावर त्या एका विदूषकाच्या पुतळ्याला व्याकरणकार करून टाकतात आणि एका खुनी बाईला सभ्य लेखिका! डिकन्सनं विनोद केलाय, पण युक्ती खरी आहे.

त्यात आपला उन्हाळा. मधमाशीचं मेण बासष्ट-चौसष्ट अंशाला वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. पत्र्याखाली किंवा मंडपात एप्रिल-मे काढला की गाल उतरतात, ओठाची कड ढळते, रंग उडतो. त्या पुतळ्याचा डावा गाल असाच खाली आलेला होता. "विद्रूप" म्हणून जो फोटो फिरला, त्यातलं विद्रूप एवढंच. गाल उतरला म्हणून शंकरराव बदलले नाहीत, आणि कुणी मुद्दाम उतरवलाही नव्हता.

धातूच्या पुतळ्याचंही तेच. २०२३ साली वानखेडेवर सचिनचा पुतळा बसला आणि लोक म्हणाले, हा तर स्टीव्ह स्मिथसारखा दिसतो! हसलो सगळेच. पण मैदान वानखेडे, जागा सचिनच्या नावाच्या स्टँडजवळची. स्मिथचा पुतळा म्हणून कुणी हार घेऊन गेलं नाही.

आता पाटीवर तरी डोळे झाकून विश्वास ठेवावा का? तोही नाही. इब्राहिम खान नावाच्या सरदाराचं चित्र एके काळी शिवाजी महाराजांचं म्हणून चालत होतं. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचं अस्सल चित्र पुढं आणलं, तेव्हा ते थांबलं. महाराजांना बघितलेलं कुणीच हयात नव्हतं, त्यामुळं "दिसतात का तसे?" हा प्रश्नच निरुपयोगी होता. चित्र कुठून आलं, कुणी काढलं, त्याच्याबरोबरचा कागद काय म्हणतो, यावरूनच निकाल लागू शकत होता. पाटी आणि भोवतालचा पुरावा जुळत नसेल, तर पाटी कुणी आणि कधी लावली हे विचारायचं.

परत त्या व्हायरल फोटोकडं येतो. फोटो खांद्यापासून वर कापलेला होता. पाटी गेली, धरण गेलं, उरला उतरलेला गाल. म्हणजे ज्या दोन गोष्टींवरून माणूस ओळखता येतो त्याच कापल्या, आणि त्या जागी भलत्याच नेत्याचं नाव टाकलं. त्या नेत्याचा पुतळा तिथं नव्हताच! मी माझ्याकडचा पूर्ण फोटो ग्रुपवर टाकला, पाटी आणि पडद्यासकट. तासाभरात निवेदनाचा विषय थंड झाला. एक जण मात्र अजून म्हणतोय, "पण दिसतात तर तसेच ना भाऊ!" त्याला काय बोलावं?

नांदेड-लातूरकडं पुतळ्यावरून गाव पेटायला वेळ लागत नाही, आणि केसेस अंगावर येतात त्या पोरांच्या. म्हणून पुढच्या वेळी असा फोटो आला की दोनच गोष्टी मागा: खालची पाटी दाखव, आणि मागं काय आहे ते दाखव. दोन्ही मिळेपर्यंत फॉरवर्ड करू नका. आणि प्रदर्शनवाल्यांना हात जोडून विनंती, पाटीवर पूर्ण नाव लिहा. चव्हाण चार आहेत हो.