चार बोटे आणि एक वीत

म्हैसूरमध्ये पाऊल टाकणाऱ्या पाहुण्याला तेथील राजमार्गांची रुंदी, दुतर्फा पसरलेली पर्जन्यवृक्षांची छत्रे आणि राजवाड्याचे घुमट प्रथम दिसतात. माझ्या हाती काठी आल्यानंतर मला या नगरीचे जे दर्शन घडले ते मात्र बव्हंशी जमिनीचे आहे. उजव्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डाव्या हातात काठी धरून मी या शहरात हिंडू लागलो, तेव्हा मान वर करून चालण्याची चैन संपली. (काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हाती धरावयाची असते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नाटकातले म्हातारे तर हटकून ती चुकीच्याच हाती धरतात.) चढताना धड पाय आधी, उतरताना काठी व अधू पाय आधी, हा नियम अंगवळणी पडला की जगातील प्रत्येक उंचवटा आपण होऊन मोजला जातो.

पदपथ म्हणून आपण ज्यावरून चालतो तो आपल्याकडे बहुधा गटाराचे झाकण असतो. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी रस्त्याच्या कडेला नाली बांधावयाची, तिच्यावर दगडी अथवा काँक्रीटच्या लाद्या टाकावयाच्या आणि त्या लाद्यांना पदपथ म्हणावयाचे, अशी ही रचना आहे. म्हैसूरही तिला अपवाद नाही. एकदा हे लक्षात आले की पदपथाचे सारे दोष उलगडू लागतात. नाली उपसता यावी म्हणून लाद्या सुट्या ठेवाव्या लागतात आणि उचलता याव्यात म्हणून त्यांना भोक किंवा खाच असते. सफाईनंतर त्या पूर्ववत बसतातच असे नाही. एखादी अर्धा इंच वर राहते, एखादी डुगडुगते. धडधाकट माणसाला हा अर्धा इंच जाणवतही नाही. काठीचे रबरी बूच मात्र नेमके फटीत उतरते आणि चाकाच्या खुर्चीची पुढची लहान चाके तेथेच आडवी होऊन अडतात. मागची मोठी चाके पुष्कळ सोसतात. खुर्चीचा प्रवास ठरतो तो पुढच्या वीतभर चाकांवर. रबरी बुचाच्या तळाची नक्षी झिजून ते गुळगुळीत झाले की ओल्या दगडावर काठी आधार देत नाही, उलट निसटते. दर काही महिन्यांनी ते बदलावे लागते, आणि ते काम मोची उत्तम करतो.

दुसरा दोष घरमालकांच्या सोयीतून येतो. स्कूटर वा मोटार आत नेण्यासाठी प्रत्येक फाटकासमोर पदपथ तोडून रस्त्याकडे उतार केलेला असतो. त्यामुळे सलग शंभर पावलांत पाच-सात वेळा उतरावे व चढावे लागते, आणि जेथे पायरी नसते तेथे पदपथच आडवा कललेला असतो. आडव्या उतारावर खुर्ची सरळ जात नाही, ती गटाराच्या बाजूला ओढ घेते. ढकलणाऱ्याला एका हाताने पुढे लोटून दुसऱ्याने मागे खेचावे लागते. अखेर दोघेही रस्त्यावर उतरतात आणि मोटारवाले त्यांच्याकडे आश्चर्याने पाहत भोंगा वाजवतात. दुचाक्यांनी पदपथावर चढू नये म्हणून कोठे कोठे जे खांब रोवतात त्यांच्यामधून दुचाकी वळसा घेऊन निघते. सव्वादोन फूट रुंदीची खुर्ची मात्र हमखास अडकते.

या प्रवासात मला एक कन्नड शब्द नव्याने भेटला. रस्ता ओलांडताना, पायरी उतरताना, रिक्षातून पाय बाहेर काढताना कोणी ना कोणी हात पुढे करून म्हणे, “निधान, सार्, निधान!” कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश, जपून. आपण मराठीत निधान म्हणतो ते ठेव्याला. तौलनिक भाषाभ्यासकांनी या अर्थांतराचा मार्ग अवश्य शोधावा. मला त्या दोन अर्थांत मुळीच अंतर वाटेनासे झाले आहे.

रेल्वे स्थानकाच्या बाबतीत म्हैसूरचे नाव वेगळ्या कारणाने घेतले पाहिजे. 2015 साली येथील स्थानकावर अंध प्रवाशांसाठी ब्रेल लिपीतील नकाशे आणि जिन्यांच्या कठड्यांवर ब्रेल पट्ट्या बसविण्यात आल्या, आणि अशी सोय असलेले देशातील पहिले स्थानक म्हणून त्याचा उल्लेख होऊ लागला. पुढे म्हैसूर–वाराणसी गाडीच्या डब्यांतही ब्रेल पट्ट्या आल्या. कठड्यावरून बोट फिरविताच हा जिना कोठल्या फलाटाकडे जातो हे कळणे, म्हणजे कोणाला न विचारता चालता येणे होय. तथापि वाचता येणारी वाट आणि चढता येणारी वाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडील उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून 76 ते 84 सेंटिमीटर असतो, आणि सामान्य डब्याची जमीन त्याहूनही बरीच वर राहते. शिवाय मध्ये फट असते. काठीवाला दांडा धरून कसाबसा चढतो. खुर्चीतल्या प्रवाशाला दोघा सहायकांनी उचलून घ्यावे लागते. अपंगांसाठी राखीव डबा पुष्कळ गाड्यांत अगदी टोकाला जोडलेला असतो, म्हणजे फलाटाचे छप्पर जेथे संपते तेथे. गाडी थांबण्याआधीच तेथे पोहोचलेले असणे हाच त्यावरचा एकमेव उपाय आहे.

सार्वजनिक इमारतींचा प्रश्न अधिक जुना, आणि माझ्या मते अधिक खोल आहे. कारण तेथे उंची ही चूक नसून हेतू असतो. म्हैसूरपासून फार दूर नसलेल्या सोमनाथपूरचे 1258 सालचे केशव मंदिर तारकाकृती जगतीवर उभे आहे. देवाभोवती प्रदक्षिणा घालावयाची ती त्या उंच जगतीवरून. घराला ओटा, वाड्याला जोते, कचेरीला पायऱ्या या सर्वांमागे पाणी व वाळवी यांपासून बचाव हे कारण आहेच, परंतु आत जाणारा चढून जावा हा भावही आहे. संस्थानी काळात म्हैसूरला ज्या भव्य वास्तू उभ्या राहिल्या त्यांनी हा भाव दगडात कोरून ठेवला. त्या पायऱ्यांचा मला राग येत नाही. दुसरी वाट नसते याचा येतो.

माझे एक ज्येष्ठ स्नेही, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, गेली काही वर्षे खुर्चीवर आहेत. मोडीचे असे वाचक आता थोडे उरले. शहरातील एका जुन्या ग्रंथसंग्रहात काही मोडी कागद आहेत असे कळल्यावरून आम्ही तेथे गेलो. समोर पाच पायऱ्या, प्रत्येक सहा इंचांची. बाजूला नवा उतार बांधलेला होता आणि त्यावर खुर्चीचे निळे चित्रही रंगविले होते. ग्रंथपालबाई स्वतः खाली आल्या, अगत्याने म्हणाल्या, “सर, पुस्तक असते तर मी इथे आणून दिले असते. हस्तलिखित बाहेर काढता येत नाही. छायाचित्रे पाठवू का?”

“छायाचित्रांत अक्षर दिसतं, बाई,” अण्णा म्हणाले, “कागद दिसत नाही. मधेच लेखणी बदलली की हात बदलला, ते उजेडात धरल्याशिवाय कसं सांगू?”

आता त्या उताराविषयी. पाच पायऱ्यांची उंची 30 इंच. एक इंच चढायला बारा इंच लांबी, हे उताराचे मान्य प्रमाण. म्हणजे येथे 30 फूट लांबी हवी होती. जागेच्या अडचणीमुळे ती दहा फुटांत उरकली होती. अशा एकास चार उतारावर खुर्ची मागे कलंडू शकते, आणि उतरताना ढकलणाऱ्याच्या हातून सुटू शकते. उतार दुमडून, पंधरा-पंधरा फुटांचे दोन भाग करून मध्ये वळणापुरती सपाट जागा ठेवली असती तर काम झाले असते. वरच्या टोकाला दार बाहेर उघडत होते ही आणखी एक गोष्ट. दार ओढण्यासाठी खुर्चीला तेथे थांबता येईल एवढा चौथराच नव्हता.

मोजपट्टी नसली तरी उताराची परीक्षा काठीने होते. माझी काठी तीन फुटांची आहे. तिचे एक टोक उतारावर टेकवावे आणि दुसरे उतरत्या दिशेला धरून काठी आडवी, जोत्याच्या दगडांतील सांध्यांशी समांतर करावी. त्या दुसऱ्या टोकाखाली साधारण तीन इंच, म्हणजे जोडलेली चार बोटे मावली तर उतार चढण्यासारखा आहे. मी ती तेथे धरली तेव्हा खाली एक वीत गेली. निळे चित्र तेवढे निर्दोष होते.

कायदा याबाबतीत मुका नाही. 2016 च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम 2017 साली झाले आणि मुदत 2022 मध्ये संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांपैकी पंधराव्यातील सुगमतेचा भाग कायद्याशी विसंगत ठरविला, कारण कायदा ज्याला ‘केलेच पाहिजे’ म्हणतो त्याला नियमाने मार्गदर्शनाचे सौम्य रूप दिले होते. विध्यर्थाचा प्रश्न व्याकरणाच्या वर्गाबाहेर इतक्या गांभीर्याने क्वचितच चर्चिला जातो.

परतताना अण्णांनी ग्रंथपालबाईंना एकच विचारले, “तुमच्याकडे पुस्तकांची खोकी कुठून आत येतात?” खोकी मागच्या दाराने, हातगाडीवरून येत. इमारत उतारावर असल्यामुळे मागची जमीन उंच होती. त्या दाराला एकच चार इंचांचा उंबरा होता. चार इंचांना चार फूट. बाईंनी वरिष्ठांची अनुमती मिळविली, एका गवंड्याने दिवसभरात खरखरीत पृष्ठाचा उतार घातला, आणि तो वाळल्यावर मी काठी आडवी धरून पाहिली. चार बोटे जेमतेम मावली. दाराची किल्ली पहारेकऱ्याकडे असे आणि तो जेवायला गेला होता, म्हणून अर्धा तास थांबावे लागले. तेव्हा किल्लीची दुसरी प्रत ग्रंथपालांच्या टेबलात ठेवावी असे ठरले. मग खोक्यांच्या वाटेने अण्णा आत गेले. खिडकीशी त्यांनी पहिला कागद उजेडात धरला, तिसऱ्या ओळीपाशी थांबले आणि म्हणाले, “इथून लिहिणारा दुसरा आहे.”