चाळीस टक्क्यांचा हिशेब

नया नगरमधल्या आमच्या ओळखीच्या एका खालांनी २००० साली ४ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२० साली ३६ लाखांना विकला. शौहर हयात नाहीत, मुली दोन. पैसे हातात पडताच एक एजंट दारात आला. म्हणाला, "खाला, ४ चे ३६ झाले, म्हणजे ८०० टक्के वाढ. २० वर्षांनी भागा, वर्षाला ४० टक्के! हीच रक्कम आमच्या नव्या इमारतीत लावा." खाला कागद घेऊन आमच्याकडे आल्या.

एजंटचा भागाकार बरोबर होता, पण भागाकाराची जागा चुकली होती. दरवर्षीची वाढ आधी वाढलेल्या रकमेवर होते, म्हणजे ती गुणाकाराने चढते. खरोखर ४० टक्के असते, तर ४ लाखांना १.४ ने २० वेळा गुणावे लागले असते, आणि उत्तर येते सुमारे साडेतेहेतीस कोटी. खालांना हसू आले.

मग खरा दर कसा काढायचा? ३६ भागिले ४ म्हणजे ९. आता असा आकडा हवा, जो २० वेळा स्वतःशी गुणला की ९ होईल, म्हणजेच ९ चे विसावे मूळ. २० म्हणजे २ गुणिले २ गुणिले ५, म्हणून आधी वर्गमूळ ३, त्याचे वर्गमूळ १.७३२. पुढे पाचवे मूळ हवे, आणि साध्या कॅल्क्युलेटरवर त्याचे बटण नसते. इथे लॉग टेबल कामी येते. ९ चा लॉग ०.९५४२. त्याला २० ने भागले की ०.०४७७. त्याचा अँटिलॉग १.११६. दर आला वर्षाला सुमारे ११.६ टक्के.

चक्रवाढ हा शब्द ऐकून आपल्याकडे काहीजण बिचकतात. इथे कुणी कुणाला व्याज देत नाही. होऊन गेलेल्या वाढीचे हे फक्त माप आहे, आणि पुढच्या २० वर्षांची हमी तर त्यात मुळीच नाही.

वर्षे मोजताना मात्र २००० ते २०२० मधली अंतरे मोजावीत. ती २० आहेत, २१ नव्हेत. शिवाय या रीतीला फक्त पहिला आणि शेवटचा आकडा दिसतो. मध्ये भरलेला मेंटेनन्स, दुरुस्ती, शेवटची दलाली तिला दिसत नाही, आणि वाचलेले भाडेही दिसत नाही.

खालांनी विचारले, "आणि सोने घेतले असते तर?" तेव्हा १० ग्रॅमचा भाव सुमारे ४,४०० होता, २०२० मध्ये सुमारे ४८,६००. म्हणजे जवळपास ११ पट. ११ चा लॉग १.०४१४, २० ने भागून ०.०५२१, दर सुमारे १२.७ टक्के. पण बिस्किटे ठेवली असती, तर दरवर्षी अडीच टक्के जकात निघाली असती.

एजंटला खालांनी एवढेच विचारले, "१.४ ला वीस वेळा गुणून दाखव." त्याने मोबाइल काढला, आठव्या गुणाकारापर्यंत गेला आणि चहा न घेताच उठला.